रुग्णालयाकडून पूर्ण नोंदी मागताना : तारखा, विभाग आणि कागद

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांच्या हाती जी फाइल येते तिच्यात सहसा डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे काही रिपोर्ट आणि बिल एवढंच असतं. रुग्णाबद्दल रुग्णालयात रोज जे लिहिलं गेलं त्याचा हा अगदी थोडा भाग असतो. कोणतं औषध किती वाजता प्रत्यक्ष दिलं, भूल देताना रक्तदाब किती होता, रात्रपाळीच्या सिस्टरने काय पाहिलं आणि डॉक्टरांना केव्हा कळवलं, हे सगळं इनडोअर केस पेपरमध्ये राहतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असो, विमा कंपनीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असो किंवा ग्राहक आयोगात जायचं असो, गरज त्या कागदांची पडते.

मग अर्ज लिहिला जातो : ‘आमच्या रुग्णाची संपूर्ण मेडिकल फाइल मिळावी.’ काही दिवसांनी झेरॉक्सचा गठ्ठा मिळतो आणि त्यात नेमका हवा तो कागद नसतो. प्रत्येक वेळी त्यामागे लपवाछपवीच असते असं नाही. एमआरडीतला, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटमधला कर्मचारी त्या आयपी नंबरची फाइल कपाटातून काढतो आणि तिच्यात जे आहे त्याच्या प्रती देतो. एक्स-रेच्या प्रतिमा रेडिओलॉजीच्या संगणकात असतात, रक्तपिशवीची नोंद ब्लड बँकेत असते, कॅज्युअल्टीचा पहिला कागद कधीकधी कॅज्युअल्टीच्याच रजिस्टरमध्ये राहतो. ‘संपूर्ण’ हा शब्द यांतल्या कोणत्याही विभागाला जागं करत नाही. म्हणून अर्ज तीन अंगांनी बांधावा लागतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागाकडचं आणि कोणत्या प्रकारचा कागद, हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं.

हक्काचा आधार

भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 सालचे व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम हा मुख्य आधार आहे. त्यातल्या कलम 1.3.1 प्रमाणे डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायच्या आहेत. कलम 1.3.2 सांगतं की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर त्या मागणीची पोच द्यावी आणि 72 तासांत कागद द्यावेत. तसं न करणं कलम 7.2 नुसार गैरवर्तनात मोडतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि 2002 चेच पुन्हा लागू झाले.

महाराष्ट्रापुरता त्याहून जुना आधारही आहे. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या 1996 सालच्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केस पेपरच्या प्रती द्यायलाच हव्यात. गोपनीयतेचं कारण रुग्णाविरुद्धच वापरता येत नाही. प्रतींचा खर्च मात्र रुग्णालय घेऊ शकतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही दाखल असताना शक्यतो 24 तासांत आणि डिस्चार्जनंतर 72 तासांत नोंदी मिळाव्यात असं म्हटलं आहे.

यातल्या दोन मर्यादा समजून घ्यायला हव्यात. मिळतात त्या प्रती. मूळ इनडोअर फाइल रुग्णालयातच राहते, त्यामुळे ‘मूळ कागद परत करावेत’ असं लिहिलं तर नकाराला आयतं कारण मिळतं. दुसरी मर्यादा 3 वर्षांची. ती डिस्चार्जपासून नव्हे, उपचार सुरू झाल्यापासून मोजली जाते. ती संपण्याआधी अर्ज पोचलेला असणं महत्त्वाचं आहे. पोलिसांत नोंद झालेल्या, म्हणजे एमएलसी केसमध्ये मूळ कागद तपासासाठी पोलिसांकडे गेलेले असू शकतात. तिथे कागद केव्हा आणि कोणत्या पोलीस ठाण्याला दिले, त्याच्या पोचेची प्रत मागावी.

एक दाखला

पद्धत उलगडून दाखवण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. 64 वर्षांच्या आजी 4 मार्च 2025 रोजी घरात पडल्या. रात्री 10.40 ला त्यांना एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडल्याचं दिसलं. खाट मिळून दाखल करेपर्यंत मध्यरात्र उलटली, म्हणून दाखल झाल्याची नोंद 5 मार्चची, 12.30 ची आहे. 6 मार्चला शस्त्रक्रिया होऊन अर्धा कृत्रिम खुबा बसवला. 7 मार्चला रक्ताची एक पिशवी चढवली. 8 मार्चला ताप आणि धाप वाढली, दुपारी 2 वाजता आयसीयूत हलवलं. 13 मार्चला सकाळी 11 वाजता पुन्हा वॉर्डात आणलं आणि 15 मार्चला घरी सोडलं. 2 एप्रिलला जखमेतून पाणी येऊ लागलं. त्याच रुग्णालयाच्या ओपीडीत ड्रेसिंग आणि स्वॅब झाला. आता दुसऱ्या शहरातले अस्थिरोगतज्ज्ञ विचारताहेत : बसवलेला सांधा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मापाचा आहे, बोन सिमेंट वापरलं असल्यास ते अँटिबायोटिक असलेलं होतं का, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला आणि कोणती अँटिबायोटिक्स किती दिवस दिली? डिस्चार्ज कार्डावर यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं नाहीत.

आधी तारखा

अर्ज लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारीख, वेळ आणि जागा अशी जंत्री करावी. बिल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या आणि घरच्यांच्या फोनमधले मेसेज एवढ्यावर ती तयार होते. ती करताना दोन सापळे लक्षात येतात.

पहिला सापळा मध्यरात्रीचा आहे. बिलावर आणि डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची तारीख 5 मार्च आहे. अर्जात ‘5 ते 15 मार्च’ लिहिलं तर कॅज्युअल्टीतले पावणेदोन-दोन तास गळतात. पहिली तपासणी, पहिला एक्स-रे, वेदनाशामक इंजेक्शन आणि आजींना आधीपासून कोणते आजार आहेत याची पहिली नोंद याच तासांतली असते. म्हणून मागणी 4 मार्चपासून करायची.

दुसरा सापळा शेवटच्या टोकाला आहे. कल्चरचा प्राथमिक रिपोर्ट आधी येतो आणि जंतूचं नाव व औषधांची संवेदनशीलता सांगणारा अंतिम रिपोर्ट नंतर. 13 किंवा 14 मार्चला घेतलेल्या नमुन्याचा अंतिम रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला असेल तर तो फाइलला लागलेलाच नसतो. त्यामुळे ‘या काळात घेतलेल्या नमुन्यांचे, नंतर आलेले अहवाल धरून’ हे शब्द अर्जात हवेत. 2 एप्रिलची ओपीडी भेट वेगळी लिहायची, कारण यूएचआयडी तोच राहिला तरी आयपी नंबर फक्त त्या एका दाखल मुक्कामाचा असतो. आयपी नंबरावरून शोध घेतला तर ओपीडीची भेट सापडणार नाही. रुग्ण दोनदा दाखल झाला असेल तर दोन्ही आयपी नंबर द्यावे लागतात.

मग विभाग आणि कागद

जंत्रीतल्या प्रत्येक जागेला विचारायचं : इथे कोण लिहीत होतं आणि ते लिहिलेलं कुठे ठेवलं जातं? वॉर्डात दोन हात लिहितात. डॉक्टर रोजच्या प्रगतीच्या नोंदी आणि सूचना लिहितात. सिस्टर नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट, शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाचा इनटेक-आउटपुट चार्ट आणि औषधांचा ड्रग चार्ट भरतात. डॉक्टरांच्या सूचनेत औषध लिहिलेलं असतं. ते किती वाजता दिलं आणि कुणी सही केली हे ड्रग चार्टवरच कळतं. आजींच्या अँटिबायोटिकच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

ऑपरेशन थिएटरचे कागद बाहेरच्या माणसाला सर्वांत कमी ठाऊक असतात. भूल देण्याआधीच्या तपासणीचा कागद, संमतीपत्रं, सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट, मिनिटामिनिटाचा ॲनस्थेशिया चार्ट, ऑपरेशन नोट आणि रिकव्हरी रूमची नोंद हे सगळे वेगवेगळे कागद आहेत. ‘ऑपरेशनचे पेपर’ म्हटलं की अनेकदा फक्त ऑपरेशन नोट मिळते. कृत्रिम सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेली स्टिकर असतात आणि ती ऑपरेशनच्या कागदावर किंवा वेगळ्या इम्प्लांट शीटवर चिकटवतात. सिमेंटच्या पाकिटाचंही स्टिकर असतं. दुसऱ्या तज्ज्ञांना हवं असलेलं उत्तर या स्टिकरांत आहे, म्हणून त्यांचा उल्लेख नावाने करायचा.

आयसीयूत सगळं एका मोठ्या चार्टवर असतं. हा चार्ट 24 तासांचा, साधारण सकाळी 8 ला सुरू होणारा, बहुधा ए-थ्री आकाराचा आणि दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. ए-फोर झेरॉक्समध्ये त्याची एक कड कापली जाते किंवा मागची बाजू राहून जाते. म्हणून ‘मूळ आकारात, दोन्ही बाजूंसह’ असं लिहावं. बाकी विभागांपैकी ब्लड बँकेकडून क्रॉसमॅच रिपोर्ट आणि पिशवीचा क्रमांक, रेडिओलॉजीकडून लेखी अहवालाबरोबर प्रतिमा असलेली डायकॉम फॉरमॅटमधली सीडी आणि बिलिंगकडून तारीखवार तपशीलवार बिल मागायचं. नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या रुग्णालयात नोंद करणाऱ्याचं नाव आणि तारीख-वेळ दिसेल अशी छापील प्रत मागावी.

अर्जाचा मसुदा

दिनांक : 10 एप्रिल 2025

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक,
तसेच प्रमुख, मेडिकल रेकॉर्ड विभाग

विषय : रुग्णनोंदींच्या प्रमाणित प्रती मिळण्याबाबत

संदर्भ : रुग्णाचे नाव, वय, यूएचआयडी क्रमांक, आयपी क्रमांक

महोदय,

मी वरील रुग्ण असून माझ्यावर आपल्या रुग्णालयात 4 मार्च 2025 (रात्री 10.40, कॅज्युअल्टी) ते 15 मार्च 2025 या काळात आणि 2 एप्रिल 2025 रोजी ओपीडीत उपचार झाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांतील कलम 1.3.2 नुसार खालील नोंदींच्या प्रती 72 तासांत मिळाव्यात, ही विनंती.

1. कॅज्युअल्टी, 4 ते 5 मार्च : तपासणीचा कागद, दिलेल्या औषधांची नोंद, दाखल करण्याचा कागद.
2. अस्थिरोग वॉर्ड, 5 ते 8 आणि 13 ते 15 मार्च : डॉक्टरांच्या नोंदी व सूचना, इतर तज्ज्ञांची लेखी मते, तिन्ही पाळ्यांच्या नर्सिंग नोट्स, टीपीआर, इनटेक-आउटपुट आणि ड्रग चार्ट.
3. ऑपरेशन थिएटर, 6 मार्च : भूलपूर्व तपासणी, सर्व संमतीपत्रे, सेफ्टी चेकलिस्ट, ॲनस्थेशिया चार्ट, ऑपरेशन नोट, रिकव्हरी नोंद, इम्प्लांट व बोन सिमेंट यांची स्टिकर असलेली पाने.
4. आयसीयू, 8 ते 13 मार्च : दैनिक चार्ट (मूळ आकारात, दोन्ही बाजूंसह), डॉक्टरांच्या व नर्सिंगच्या नोंदी, ड्रग चार्ट, एबीजी अहवाल, विभाग बदलतानाच्या नोंदी.
5. प्रयोगशाळा, 4 मार्च ते 2 एप्रिल : या काळात घेतलेल्या सर्व नमुन्यांचे अहवाल, नंतर आलेले अंतिम कल्चर अहवाल धरून, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेले नमुनेही.
6. ब्लड बँक, 7 मार्च : क्रॉसमॅच अहवाल, पिशवी क्रमांक, रक्त चढवतानाची नोंद.
7. रेडिओलॉजी, 4 मार्च ते 2 एप्रिल : अहवाल आणि प्रतिमांची सीडी.
8. ओपीडी, 2 एप्रिल : तपासणी व ड्रेसिंगची नोंद.
9. बिलिंग : तारीखवार तपशीलवार बिल, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार.

प्रत्येक पानावर क्रमांक, शिक्का व सही असावी. वरीलपैकी एखादी नोंद उपलब्ध नसल्यास त्या क्रमांकापुढे ती का उपलब्ध नाही हे लेखी कळवावे. हा अर्ज निकाली निघेपर्यंत या नोंदी जपून ठेवाव्यात. प्रतींचे नियमानुसार होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

सोबत : ओळखपत्राची प्रत, डिस्चार्ज कार्डाची प्रत.

या मसुद्यात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. कारण दिलेलं नाही, कारण विनियमात कारण द्यायची अट नाही. तक्रार नाही आणि ‘डॉक्टर उशिरा का आले’ असा प्रश्नही नाही. प्रश्न आला की अर्ज एमआरडीच्या टेबलावरून उचलला जाऊन कायदा सल्लागाराकडे जातो आणि साध्या झेरॉक्सचं काम अडून बसतं. प्रश्न विचारायची वेळ कागद वाचून झाल्यावर येते. सीसीटीव्हीचं चित्रण, कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तक्ते किंवा समितीचे अंतर्गत अहवाल हे रुग्णनोंदीत येत नाहीत. ते हवे असतील तर त्यांची मागणी वेगळ्या पत्रात करावी, नाहीतर त्यांच्यासाठी बाकीचं सगळं रखडतं.

रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं जोडावीत. रुग्ण अज्ञान असेल तर आई किंवा वडील अर्ज करतात. रुग्ण दगावला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद लागतो, आणि यादीत डेथ समरी व मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची भर घालावी लागते.

पोच, आणि त्यानंतरचे 72 तास

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. 72 तास याच क्षणापासून मोजता येतात. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा. पुष्कळ रुग्णालयं स्वतःचा छापील फॉर्म भरायला सांगतात. तो भरायला हरकत नाही, पण त्यावर ‘सोबतच्या अर्जातील यादीप्रमाणे’ एवढं लिहून आपला अर्ज जोडावा, कारण त्या फॉर्मवर बहुधा ‘केस पेपर’ आणि ‘रिपोर्ट’ अशा दोनच चौकटी असतात.

बिल बाकी असल्याचं कारण बऱ्याचदा पुढे केलं जातं. कलम 1.3.2 मध्ये तसा अपवाद नाही. बिलाचा वाद वेगळा आणि प्रतींचं शुल्क वेगळं, हे लेखी उत्तरात शांतपणे सांगावं.

गठ्ठा तपासताना

कागद मिळाले म्हणजे काम संपलं असं नाही. आधी पानं मोजून त्यांचा क्रम लावावा. मग यादीतल्या प्रत्येक क्रमांकापुढे मिळालेल्या पानांचे नंबर लिहावेत. वगळलेलं काय ते शोधायचे दोन खात्रीचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग हिशेबाचा. आजी 8 मार्चच्या दुपारी 2 पासून 13 मार्चच्या सकाळी 11 पर्यंत आयसीयूत होत्या. चार्ट सकाळी 8 ते 8 चा असेल तर 8, 9, 10, 11, 12 आणि 13 तारखेचे मिळून 6 चार्ट हवेत. पाचच आले असतील तर कोणता गेला ते लगेच दिसतं. वॉर्डातल्या प्रत्येक पूर्ण दिवसाला नर्सिंगच्या तीन पाळ्यांच्या नोंदी हव्यात.

दुसरा मार्ग बिलाचा, आणि तो जास्त धारदार आहे. ज्या तपासणीचे पैसे लावले तिचा अहवाल असायलाच हवा. बिलात 9 एबीजी आणि गठ्ठ्यात 6 असतील तर 3 अहवाल बाकी आहेत. बिलात दोन कल्चर असून एकाचाच अंतिम रिपोर्ट असेल तर दुसरा लॅबकडे राहिला आहे. हे उलट दिशेनेही पाहावं. ड्रग चार्टवर दिलेलं औषध फार्मसीच्या बिलात नसेल तर ते वॉर्डाच्या साठ्यातून आलं की नोंद चुकली, हे विचारता येतं.

वेळांमध्ये थोडी तफावत दिसली म्हणून लगेच खोटेपणाचा निष्कर्ष काढू नये. थिएटरचं घड्याळ, मॉनिटर आणि वॉर्डातलं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असतो, आणि धावपळीत नोंद नंतर लिहिली जाते. लक्ष द्यायचं ते मोठ्या विसंगतीकडे. रुग्ण आयसीयूत असताना वॉर्डातली नोंद आहे का, अनेक पाळ्यांचं लेखन एकाच हातचं दिसतं का, पानांचे मूळ क्रमांक मध्येच तुटतात का, हे पाहावं. असं काही दिसलं तर मिळालेल्या प्रतीवर काहीही लिहू नये. तिची झेरॉक्स काढून तिच्यावर खुणा कराव्यात आणि मूळ गठ्ठा जसाच्या तसा ठेवावा.

त्यानंतर दुसरं पत्र जातं. ते एका पानाचं असावं आणि त्यात फक्त उणीव असावी : ‘क्रमांक 4 : 10 मार्चचा आयसीयू चार्ट नाही. क्रमांक 3 : बोन सिमेंटच्या स्टिकरचे पान नाही. क्रमांक 4 : बिलात 9 एबीजी, मिळाले 6.’ पहिला अर्ज क्रमांकवार बांधल्याचा खरा फायदा इथे दिसतो. ‘सगळं दिलं आहे’ असं उत्तर आता देता येत नाही, कारण प्रश्न एका तारखेच्या एका कागदाबद्दल आहे.

नकार आला तर

मुदत उलटली तर कुठे जायचं हे रुग्णालय कोणतं यावर ठरतं. 2002 चे विनियम डॉक्टरांना बांधतात, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. रुग्णालय या संस्थेसाठी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्क सनद आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद आहे. महापालिका क्षेत्रात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे दाद मागायची. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : काय मागितलं, केव्हा मागितलं आणि काय मिळालं? शिक्का असलेला अर्ज आणि उणिवांचं पत्र हेच त्याचं उत्तर असतं.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात हाच अर्ज आधी वैद्यकीय अधीक्षकांना द्यावा. दाद लागली नाही तर तीच यादी माहिती अधिकाराच्या अर्जाला जोडावी. महाराष्ट्रात त्याचं शुल्क 10 रुपये, प्रतींसाठी पानाला 2 रुपये, आणि उत्तराची मुदत 30 दिवस आहे. जिवाचा प्रश्न असेल तर ती 48 तास आहे, आणि तसं असल्यास अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावं. इथे क्रमांकवार यादी दुहेरी कामाला येते, कारण माहिती अधिकारात मिळतो तो अस्तित्वात असलेला कागद. कारणं आणि खुलासे मिळत नाहीत.

आजींच्या दाखल्यात सगळ्या नऊ क्रमांकांतून दुसऱ्या तज्ज्ञांना तातडीने हवे आहेत ते तीनच : स्टिकरचं पान, अंतिम कल्चर आणि ड्रग चार्ट. जखम थांबून राहणार नाही, म्हणून हे तीन कागद त्याच दिवशी मिळावेत अशी वेगळी ओळ अर्जाच्या वर लिहावी आणि बाकीच्यांसाठी 72 तास थांबावं. यादी नेमकी असली की असा प्राधान्यक्रम लावता येतो. एमआरडीतल्या माणसालाही कोणत्या विभागाला आधी फोन करायचा ते त्यावरून कळतं.